लॅश एक्स्टेन्शनच्या ग्लूची ॲलर्जी: या चुका टाळा

शहापुरात पार्लर चालवताना माझ्या हातून झालेली एक चूक आधी सांगते. खानापूरकडची एक मुलगी, लग्न रविवारी. साखरपुड्याला माझ्याकडेच लॅशेस लावून गेली होती आणि काहीही त्रास झाला नव्हता. म्हणून लग्नाआधी पॅच टेस्ट न करता गुरुवारी दुपारी पुन्हा लावल्या. शुक्रवारी रात्री पापण्यांना खाज सुटली. शनिवारी सकाळी, ऐन हळदीच्या दिवशी, फोन आला, "अक्का, डोळे उघडेनात."

मागच्या वेळी त्रास झाला नाही म्हणजे आताही होणार नाही, हे धरून चालणं हीच माझी पहिली चूक. या ग्लूमध्ये सायनोअक्रिलेट असतं. तुटलेली वस्तू झटक्यात चिकटवणारा गोंद याच घराण्यातला. पहिल्यांदा लावताना शरीर त्याची नुसती ओळख करून घेतं. नंतर कधीतरी, दुसऱ्या किंवा दहाव्या वेळीही, त्वचा त्याच्यावर उलटते. एकदा उलटली की पुढच्या खेपेला त्रास सहसा लवकर येतो आणि वाढतो.

दुसरी चूक म्हणजे वाफेची जळजळ आणि ॲलर्जी यांत गल्लत करणं. काम चालू असताना डोळे चुरचुरले, पाणी आलं, लाल झाले तर बहुतेक वेळा ग्लूची वाफ आत गेलेली असते. डोळा अर्धवट उघडा राहिला किंवा खालच्या पापणीखाली चिकटवलेलं आय पॅड बुबुळाला घासलं तरी असं होतं. हा त्रास लगेच सुरू होतो आणि साधारण एका दिवसात उतरतो. ॲलर्जी मात्र बहुधा एक-दोन दिवसांनी उगवते, दोन्ही डोळ्यांना होते, आणि जळजळीपेक्षा खाज जास्त असते. पापणी फुगते, नंतर तिची साल निघते.

म्हणूनच मनगटावर थेंब लावून दहा मिनिटं बघण्याला टेस्ट म्हणता येत नाही. मी आता दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्याला चार-पाच लॅशेस लावते आणि 48 तास थांबते. नवा ग्लू आणला किंवा मध्ये काही महिने गेले तर पुन्हा टेस्ट. नवरीची टेस्ट लग्नाच्या किमान आठवडाभर आधी. टेस्ट चांगली गेली म्हणजे पूर्ण हमी मिळाली असंही नाही, आणि हे मी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगते.

त्या मुलीच्या घरी तोवर दोन गोष्टी होऊन गेल्या होत्या. तिनं लॅशेस ओढून काढायला सुरुवात केली, त्यात तिचे स्वतःचे केसही उपटले. आणि भावानं मेडिकलमधून डोळ्याचे थेंब आणले. बाटली बघितली तर स्टिरॉइडचे. डोळ्यात जंतुसंसर्ग असेल तर ते थेंब तो वाढवू शकतात, आणि बरेच दिवस घातले तर डोळ्याचा दाब वाढतो. मी ते बाजूला ठेवायला लावले आणि आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डोळा दुखतोय, उजेड सहन होत नाही किंवा अंधुक दिसतंय, तर पार्लर नंतर, दवाखाना आधी. ग्लू थेट डोळ्यात गेला तर पापण्या ओढून उघडू नका. स्वच्छ पाण्यानं पंधरा-वीस मिनिटं धुवा आणि डॉक्टर गाठा.

तिचं बुबुळ ठीक निघालं. मग डोळे मिटवून, क्रीम रिमूव्हरनं सगळ्या लॅशेस उतरवल्या. ग्लू पापणीवर असेपर्यंत ॲलर्जीच्या नुसत्या गोळीनं भागत नाही. डॉक्टरांनी दिलेलं मलम आणि थंड पाण्याच्या घड्या चालू राहिल्या. अक्षता पडल्या तेव्हा एक पापणी अजून जड होती. सूज पूर्ण उतरायला आठवडा लागला.

पुढे तिनं विचारलं, "सेन्सिटिव्ह ग्लू चालेल का?" नाही. त्याची वाफ कमी असते, पण बहुतेकांत मूळ पदार्थ सायनोअक्रिलेटच असतो.

मग उपटलेल्या केसांसाठी ऑनलाइन सीरम मागवू का, असं तिनं विचारलं. केसांची मुळं शाबूत असतील तर दोन-तीन महिन्यांत आपोआप येतात. पापण्यांचे केस वाढवणारं खरं औषध बिमॅटोप्रोस्ट 0.03 टक्के. ते मुळात काचबिंदूचं औषध, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायचं. त्यानं पापणीची कड काळवंडते, डोळे लाल होतात, काहींची डोळ्याभोवतीची चरबी कमी होऊन डोळे खोल दिसतात. काही कॉस्मेटिक सीरममध्ये त्याच जातीचं आयसोप्रोपिल क्लोप्रोस्टेनेट असतं. डब्यावरच्या घटकांत ते नाव दिसलं तर सीरम साधं समजू नका. सुजलेल्या पापणीवर तर कोणतंच सीरम नको.

परवा ती नखं लावायला आली. मी नाही म्हणाले, कारण नखांच्या ग्लूतही सायनोअक्रिलेट असतं. तिच्या मोबाईलमध्ये तेवढं नाव लिहून दिलं आणि सांगितलं, कुठं जखम झाली, ऑपरेशन ठरलं, तर डॉक्टरांना हे दाखव. टाक्यांऐवजी जखमेवर लावतात तो गोंदही याच घराण्यातला आहे.