पॉकेटच्या कोपऱ्यात R5, मग कटर कितीचा?

आमचं कुपवाड एमआयडीसीतलं छोटं व्हीएमसी शॉप. अॅल्युमिनियमचा जॉब आला: ३० मिमी खोल पॉकेट, ड्रॉइंगवर आतल्या कोपऱ्यांना R5. ऑपरेटर म्हणाला, "साहेब, दहाचा एंडमिल लावतो, कोपरा आपोआप पाचचा येईल."

येतो खरा. पण अशा कोपऱ्यात कटरचं सेंटर वळायला जागाच उरत नाही. तो क्षणभर थांबून दिशा बदलतो आणि तेवढ्या वेळात जवळजवळ पाव परीघ भिंतीला चिकटलेला असतो. मशीन किंचाळतं, भिंतीवर चॅटरच्या उभ्या रेघा उमटतात. शिवाय G41 मध्ये ऑफसेट ५.०२ टाकला तरी इंटरफिअरन्सचा अलार्म, म्हणजे साइज ॲडजस्ट करायची सोयही गेली.

म्हणून रफिंग १२ मिमीने केलं आणि फिनिशिंगला ८ मिमी घेतला. आता सेंटर १ मिमी रेडियसच्या आर्कवर फिरतं. गोम अशी की कंट्रोलर फीड सेंटरला देतो, भिंतीजवळची धार मात्र ५ ÷ १, म्हणजे पाचपट वेगाने सरकते. सरळ भिंतीला F400 असेल, तर हिशोबाने कोपऱ्यात F80 हवा. आर्कच्या ब्लॉकला तो वेगळा दिल्यावर आवाज बंद झाला.

बाराच्या रफिंगने कोपऱ्यात भिंतीपेक्षा जास्त माल राहतो, त्यामुळे फिनिशिंगआधी फक्त कोपऱ्यांत आठचा एक पास मारतो. सहाचाही चालला असता, पण ३० मिमी खोलीला तो व्यासाच्या पाचपट बाहेर काढावा लागतो आणि वाकून भिंत टेपर करतो.