एसएलए लिहिताना आधी घड्याळ कुणाचं ते ठरवा

एसएलए म्हणजे आयटीने कोणती सेवा किती वेळात द्यायची याचा बाकीच्या विभागांशी केलेला लेखी करार. त्यात विभागांची नावं, तारीख, सह्यांची जागा हे सगळं जमतं, त्यावर वेळ घालवू नका. आयटी काय काय सांभाळतं याची यादीही एका दुपारचं काम आहे. फक्त आयटी काय सांभाळत नाही तेही तिथेच लिहून टाका: सीसीटीव्ही, हजेरीचं अंगठ्याचं मशीन, यूपीएसच्या बॅटऱ्या. लिहिलं नाही तर पहिल्या बिघाडाला हे सगळं आयटीच्या गळ्यात पडतं.

खरी मेख वेळेत आहे. ‘चार तासांत दुरुस्ती’ असं लिहिलंत? कुणाचे चार तास? मसुद्यात नेमकं हेच राहून जातं, म्हणून ते पुन्हा पुन्हा सांगणार आहे. कंटाळलात तरी वाचा.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा एखादा कारखाना धरा. माग तीन पाळ्यांत चालतात. आयटीची माणसं सोमवार ते शनिवार साडेनऊ ते साडेसहा. शनिवारी संध्याकाळी साडेपाचला डिस्पॅचचा लेबल प्रिंटर बंद पडतो. खोक्यांवर बारकोड लागत नाही, आणि न्हावाशेवाला जाणारा कंटेनर त्याच रात्री निघायचाय. एसएलए म्हणतो: दुसरी प्राथमिकता, चार कामाचे तास. शनिवारचा एक तास मोजला, रविवार गेला, उरलेले तीन तास सोमवारी साडेबाराला भरतात. प्रिंटर सोमवारी पावणेबाराला सुरू झाला तर अहवालात हिरवी खूण येते. डिस्पॅचच्या भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे मात्र मुदतच ४३ तासांची होते, आणि कंटेनर शनिवारीच चुकलेला असतो. आयटी खोटं बोललेलं नसतं, डिस्पॅचची तक्रारही खोटी नसते. दोघं वेगवेगळी घड्याळं बघत असतात, एवढंच.

म्हणून एकच वेळापत्रक सगळ्या विभागांना लावू नका. अकाउंट्स आणि एचआर यांना ऑफिसचे तास पुरतात. डिस्पॅच आणि उत्पादनासाठी वेगळा रकाना करा: रात्री अकरापर्यंत फोनवर एक माणूस, फक्त पहिल्या प्राथमिकतेसाठी, अर्ध्या तासात उत्तर. त्या माणसाला भत्ता की बदली सुट्टी, तेही कागदावर हवं. नाहीतर दुसऱ्या महिन्यात फोन लागत नाही. उत्साहात चोवीस तासांचं वचन देऊन बसू नका. आठवड्याचे १६८ तास, एका माणसाचे ४८. रजा, आजारपण न धरताही साडेतीन माणसं लागतात, आणि तुमच्याकडे बहुधा तीनच असतात. त्यापेक्षा एक जादा लेबल प्रिंटर डिस्पॅचमध्ये ठेवा. पण नुसता खोक्यात नको. तोच ड्रायव्हर, त्याच मापाचं लेबल, रिबन चढवलेली, महिन्यातून एकदा चाचणीचं लेबल काढलेलं. तसं नसेल तर ऐन वेळी कॅलिब्रेशन करत बसाल आणि लेबलं अर्धी कापलेली निघतील.

परत घड्याळच. सुट्ट्यांची यादी एसएलएला जोडा, आणि तीच हेल्पडेस्कच्या सॉफ्टवेअरमध्ये भरा. सॉफ्टवेअरला २६ जानेवारी माहीत असेल, सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेची, म्हणजे गड्ड्याची सुट्टी माहीत नसते. वरच्या उदाहरणातला सोमवार यात्रेच्या सुट्टीचा निघाला तर मुदत मंगळवारी साडेबाराला जाते. सॉफ्टवेअरमध्ये ती सुट्टी नसेल तर बंद ऑफिसात तिकिटं, म्हणजे नोंदलेल्या तक्रारी, लाल होत राहतात. टाइम झोनही बघा. तो UTC वर राहिला असेल तर साडेनऊची सुरुवात आपल्याकडे दुपारी तीनला होते आणि सकाळची सगळी तिकिटं फुकट हिरवी दिसतात. सेटिंगमध्ये Asia/Kolkata दिसलंच पाहिजे.

घड्याळ सुरू कधी होतं? तिकीट नोंदलं की. पण पहिल्या प्राथमिकतेचा फोन आला तर तिकीट हेल्पडेस्कनेच दहा मिनिटांत काढायचं आणि वेळ फोनची धरायची. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला फोटो म्हणजे तक्रार नव्हे, हे स्पष्ट लिहा. वाद सगळ्यात जास्त तिथेच होतात. आपोआप गेलेला ‘तुमची तक्रार मिळाली’ हा मेल प्रतिसादात धरू नका. माणसाने तिकीट उघडून प्राथमिकता पक्की केली की प्रतिसाद झाला.

आणि थांबतं कधी? फक्त तक्रार करणाऱ्याकडून उत्तर यायचं असेल तेव्हाच, तेही कारण लिहून. दोनदा आठवण करा, तीन कामाचे दिवस थांबा, मग तिकीट बंद. ‘व्हेंडरकडे पाठवलंय’ म्हणून घड्याळ थांबवायची मुभा देऊ नका. एकदा दिली की महिनाअखेरीस सगळी उशिराची तिकिटं व्हेंडरच्याच नावावर सापडतात. व्हेंडर आयटीने निवडला, त्याचा उशीर आयटीच्या खात्यात.

त्यामुळेच आकडा लिहिण्याआधी व्हेंडरचा करार काढून वाचा. सोपा हिशेब आहे. इंटरनेट महिनाभर ९९.५ टक्के चालू, असं चोवीस तासांच्या हिशेबाने लिहिलं तर ३० दिवसांच्या ७२० तासांत ३.६ तास बंद राहायची मोकळीक मिळते. लाइन देणाऱ्याची दुरुस्तीची मुदतच चार तासांची असेल तर एका तुटलेल्या केबलने महिना गेला. एकतर दुसऱ्या कंपनीची दुसरी लाइन घ्या, नाहीतर आकडा खाली आणा. आणि हाच ९९.५ टक्का ऑफिसच्या तासांवर मोजलात तर २६ दिवसांच्या २३४ तासांत जेमतेम ७० मिनिटं मिळतात. आकडा तोच, घड्याळ वेगळं. टक्क्यापुढे कोणते तास ते लिहिल्याशिवाय सही करू नका.

प्राथमिकता ‘गंभीर’, ‘मध्यम’ अशा शब्दांत लिहू नका, प्रत्येकाचं सगळं गंभीरच असतं. कामं लिहा. ई-वे बिल निघत नाही, गाडी गेटवर उभी आहे: पहिली. एका माणसाचा मेल उघडत नाही: तिसरी. सरकारी पोर्टलच बंद असेल तर ते आयटीच्या खात्यात नको, पण ‘पोर्टल बंद आहे’ हे अकाउंट्सला कळवायची वेळ ठरवा. वर्दळीच्या तारखाही घाला: टीडीएस भरण्याची ७, जीएसटीआर-१ ची ११, पीएफची १५, जीएसटीआर-३बीची २०. या तारखांना आणि आदल्या दिवशी अकाउंट्सची तक्रार एक पायरी वर, आणि ईआरपीला अपडेट अजिबात नाही.

मुदती मनाने ठरवू नका. मागच्या तीन महिन्यांची तिकिटं काढा आणि सरासरीऐवजी दहापैकी नऊ तिकिटं किती वेळात सुटली ते बघा. पाच मिनिटांचे पासवर्ड रिसेट सरासरी खाली ओढतात आणि तुम्ही नको ते कबूल करून बसता.

विभागांकडूनही लिहून घ्या: नवा माणूस येणार असेल तर तीन कामाचे दिवस आधी कळवणं, मंजुरी कोण देणार त्याचं पद, रात्रपाळीत मशीनपाशी जाऊन बघेल असा एकजण. आतल्या आत दंड वगैरे ठेवू नका, पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो. मुदत हुकली की कुणाला फोन, मग त्याच्या वर कुणाला, एवढं पुरे. अहवाल महिन्याला, एक पान. फेरतपासणी तिमाहीला. आवृत्ती क्रमांक टाका.

सहीच्या आदल्या दिवशी डिस्पॅचच्या माणसाला समोर बसवून शनिवार साडेपाचचं तिकीट कागदावर चालवा आणि मुदत त्यालाच बोटांवर मोजायला सांगा. त्याचं उत्तर आणि सॉफ्टवेअरमधली वेळ जुळली नाही तर सही पुढे ढकला. आणि गड्ड्याची सुट्टी भरलीत का? आत्ता उघडून बघा.