भोकं वाढली, पण कीड नव्हती

दहावीच्या प्रकल्पासाठी मालवणला आमच्या परसातल्या भेंडीवर मी कडुनिंब आणि मिरचीची फवारणी करत होते. कडुनिंब फवारलेल्या भेंडीच्या पानांवरची भोकं मोठी होत चालली होती, पण अळी कुठेच दिसेना. पानं उलटून पाहिली, ताजी विष्ठाही नव्हती.

कोवळ्या पानाला पडलेलं भोक पानाबरोबर वाढतं, हे तेव्हा कळलं. मग भोकं मोजणं सोडलं. निवडलेल्या पानांच्या देठांना रंगीत दोरे बांधले. पान न तोडता आलेख कागदावर टेकवून कडा आणि भोकं पेन्सिलीने गिरवली, चौकोन मोजले. एका पानाचं क्षेत्र आधी ४० चौरस सेंमी होतं, त्यात भोक ४, म्हणजे १० टक्के. नंतर पान ६० झालं, भोक ६. टक्के तेवढेच, म्हणजे नवीन काहीच खाल्लेलं नाही! टक्के वाढले तरच फवारणी कमी पडली असं धरायचं.

एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल, आणि ते मिसळावं म्हणून थोडा द्रवरूप साबण घातला. साबणानेही मऊ किडी मरतात, म्हणून मिरचीच्या गाळलेल्या पाण्यातही तेवढाच साबण घातला आणि काही झाडांवर नुसतं साबणपाणी मारलं. ही तुलना मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. फवारणी संध्याकाळीच, कारण उन्हात कडुनिंबाचा गुण लवकर जातो. पाऊस पडला की पुन्हा फवारायचं, सगळ्याच झाडांवर.

मावा मात्र या मापात येत नाही. तो रस शोषतो, भोकं पाडत नाही.