टीईटी/सीटीईटी: मुलाची चूक ओळखायचे प्रश्न कसे सोडवायचे

सीटीईटीत प्रत्येक भाषेचे ३० प्रश्न, त्यातले १५ अध्यापनशास्त्राचे. उतारे सगळेच करतात, मार्क जातात ते या १५ मध्ये, कारण चारही पर्याय वाचायला बरोबरच वाटतात.

सगळ्यात जास्त गोंधळ चुकीचं कारण विचारतात तिथे होतो. समजा पहिलीतला मुलगा म्हणतो, "मी चित्र करलं." हे त्याने घरी कुणाकडून ऐकलेलं नसतं, बस-बसलं, पड-पडलं यावरून त्याने स्वतःच नियम काढलेला असतो आणि तो 'कर'लाही लावून मोकळा झालेला असतो. हे अतिसामान्यीकरण. मग शिक्षकाने काय करावं? 'नियम समजावून दहा वेळा लिहून घ्यावा' हा पर्याय डोळे झाकून काढा. 'अरे वा, चित्र केलंस? अजून काय काय केलंस?' असं बरोबर रूप बोलण्यातूनच परत कानावर पडू देणं, हे उत्तर शोधायचं.

आता दुसरा मुलगा, घरी हिंदी बोलणारा, म्हणतो "ती पुस्तक". इथे लगेच मातृभाषेचा प्रभाव असं टिक करायचा मोह होतो, पण वर्गात खरंच निदान करायचं तर एका वाक्यावर थांबायचं नाही, त्याला 'घर' वापरायला लावायचं. हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी आणि घर पुल्लिंगी, म्हणून तो "ती पुस्तक" आणि "तो घर" म्हणाला तर हिंदीचं लिंग इकडे आलंय हे बऱ्यापैकी पक्कं. पण कधी तो, कधी ती, काहीही लावत असेल तर नपुंसकलिंगच अजून डोक्यात बसलेलं नाही, आणि दोघांचा उपाय वेगळा. प्रश्नात मुलाची एकापेक्षा जास्त वाक्यं दिली असतील तर ती याचसाठी असतात, सगळी वाचा.

आणि "पानी" म्हणणारं वऱ्हाडातलं पोर चुकत नाहीये, ती त्याची बोली आहे. 'ताबडतोब दुरुस्त करावे' हा पर्याय तिथे हमखास ठेवलेला असतो.

क्रमाच्या प्रश्नातही हीच नजर लागते. प्रयोग शिकवताना आधी कर्तरी (मुलगा पडला), मग कर्मणी (मुलाने आंबा खाल्ला, चिंच खाल्ली), शेवटी भावे (मुलाने मांजराला पकडले). कारण कर्तरीत क्रियापद कर्त्यामागे जातं, कर्मणीत कर्मामागे, आणि भावेत कुणाच्याच मागे जात नाही, हे आधीचे दोन पक्के झाल्याशिवाय मुलाला दिसतच नाही. उदाहरणं आधी, मुलांनीच फरक शोधायचा, 'कर्मणी' हे नाव सगळ्यात शेवटी, ही उद्गामी पद्धत. व्याख्या आधी फळ्यावर लिहिली की अवगामी. पर्यायांत 'व्याख्या पाठ करून घेणे' पहिली पायरी दिसली की तो क्रम बाद करा, मग बहुतेक वेळा दोनच पर्याय उरतात.