पुस्तकाच्या पानाचा फोटो आला, खाली फक्त «हे समजत नाही»: आता कसं समजवायचं?

भाची, शेजारचा मुलगा किंवा शिकवणीतली विद्यार्थिनी व्हॉट्सॲपवर गणिताच्या पानाचा फोटो पाठवते. इयत्ता सांगत नाही, नेमकं कुठे अडलं तेही नाही. लगेच «तुला काय समजलं नाही?» असं विचारू नका. ते सांगता आलं असतं तर निम्मा प्रश्न तिनेच सोडवला असता. आधी फोटो नीट बघा.

फोटो मोठा करून चारही कडा तपासा. वरची ओळ कापली गेली असेल, बोटाची सावली पडली असेल किंवा वजाचं चिन्ह पुसट झालं असेल, तर तेवढाच भाग पुन्हा मागवा. अंदाजाने वाचलेल्या आकड्यावर समजावणं उभं करू नका. मग पेन्सिलच्या खुणा शोधा. उदाहरणाच्या पहिल्या दोन ओळींखाली रेघ असेल आणि पुढे काहीच नसेल, तर वाचन बहुधा तिथेच थांबलंय.

समजा, पानावर हे सोडवलेलं उदाहरण आहे:

५/६ + ३/८ = २०/२४ + ९/२४ = २९/२४ = १ पूर्णांक ५/२४

इयत्तेचा अंदाज पान स्वतःच देतं. पुस्तक जे न समजावता वापरतं, ते मुलाला येतं असं त्याने धरलेलं असतं. इथे अक्षरं नाहीत, ऋण संख्या नाहीत, म्हणजे पाचवी-सहावीच्या आसपासचं पान. चुकून एक इयत्ता खाली धरली तर फारसं बिघडत नाही, वर धरली तर मूल गप्प बसतं. म्हणून «लसावि» हा शब्द पानावर नसेल तर तुम्हीही काढू नका. पानावर अंश-छेद असेल तर अंश-छेदच म्हणा. पान सेमी-इंग्रजीचं असेल तर न्यूमरेटर-डिनॉमिनेटर म्हणा.

आता पुस्तकाने एका दमात ओलांडलेल्या जागा मोजा. २४ कुठून आले? ५ चे २० का झाले? बेरजेत छेद का मिळवले नाहीत? २९/२४ चा पूर्णांक कसा निघाला? अडखळायच्या जागा या चारच. चारही जागांवरून जाणारं छोटं उत्तर लिहा.

पाढ्यांपासून सुरुवात करा: ६, १२, १८, २४ आणि ८, १६, २४. दोन्हीकडे पहिल्यांदा येणारी संख्या २४. मग चौकटीच्या वहीवर २४ चौकटींचा आयत काढा, चार ओळी आणि ओळीत सहा चौकटी. त्याचा सहावा भाग म्हणजे ४ चौकटी, म्हणून ५/६ म्हणजे २०. आठवा भाग ३ चौकटींचा, म्हणून ३/८ म्हणजे ९. मिळून २९ चौकटी झाल्या. चौकटीचा आकार बदललाच नाही, म्हणून छेद २४ च राहिला. एक आयत पूर्ण भरला आणि ५ चौकटी उरल्या.

हे हाताने कागदावर लिहा, ओळींना क्रमांक द्या आणि फोटो पाठवा. फोनवर टाइप केलेली तिरकी रेघ आणि पुस्तकातली आडवी रेघ एकच आहे, हे लहान मुलाला पटकन ओळखू येत नाही. क्रमांक असले की «तिसरी ओळ कळली नाही» एवढं तरी ती सांगू शकते.

शेवटी एकच गणित द्या, गृहपाठातलं नव्हे: १/६ + १/४. «समजलं का?» याला «हो» येतंच, त्यातून काही कळत नाही. या गणिताच्या उत्तरातून मात्र गोंधळ उघडा पडतो.

उत्तर २/१० आलं, तर अंशात अंश आणि छेदात छेद मिळवलाय. इथे पाढे पुन्हा सांगून उपयोग नाही. तिला विचारा, २/१० म्हणजे पाचवा भाग. तो तर पाव भागापेक्षाही लहान आहे. पावमध्ये आणखी काही घालून ते कमी कसं होईल?

२/१२ आलं, तर छेद बदलला पण अंश तसाच ठेवला. १२ चौकटींचा आयत काढायला लावा आणि सहावा भाग रंगवायला सांगा. दोन चौकटी रंगल्या की चूक तिला स्वतःलाच दिसते.

१०/२४ आलं, तर चूक म्हणू नका. तिने ६ आणि ४ चा गुणाकार छेद म्हणून घेतला, आणि ते बरोबर आहे. अशा मुलीचं मूळ गणित ५८/४८ आलेलं असू शकतं आणि पुस्तकात २९/२४ बघून ती घाबरलेली असते. दोन्ही सारखेच आहेत, अंश आणि छेद दोघांनाही २ ने भागून दाखवा.

५/१२ आलं, तर बेरीज येते. मग राहिला शेवटचा टप्पा, तेवढ्यासाठी ७/५ चा पूर्णांक काढायला द्या.