धुकं पसरवून एसटी स्टँडात लावू नका: होल-टोनच्या या चुका टाळा

दर वर्षी नवे विद्यार्थी येतात आणि दर वर्षी तीच चूक. उजव्या हाताला होल-टोन, म्हणजे सगळे स्वर एकेका पूर्ण स्वराच्या अंतरावर असलेलं स्केल, डाव्या हाताला नेहमीचे कॉर्ड, आणि वर एका फ्रेंच संगीतकाराचं नाव घेऊन म्हणायचं, 'सर, देब्यूसीसारखं केलंय.' नाही रे बाबा.

मी हे हक्काने सांगतो, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. कॉलेजात एका एकांकिकेच्या स्वप्नदृश्यासाठी सोळा बारचं संगीत लिहिलं होतं. सुरावट सी, डी, ई, एफ शार्प, जी शार्प, बी फ्लॅट या सहा स्वरांची. डावा हात मात्र सरळ सी, एफ, जी सेव्हन आणि परत सी. जी सेव्हनचे स्वर जी, बी, डी, एफ. त्यातला एकटा डी माझ्या स्केलमधला, बाकी तिघे उपरे. साहजिकच कानाला खुपलं. मग मी हुशारी केली: डी उचलून डी शार्प केला. आता जी, बी, डी शार्प, एफ हे चारही स्वर दुसऱ्या होल-टोन स्केलमध्ये बसतात (अशी स्केलं दोनच आहेत), त्यामुळे कागदावर सगळं शुद्ध झालं. तालमीला व्हायोलिन वाजवणारा मित्र म्हणाला, 'धुकं छान आहे, पण एसटी वेळेवर स्टँडात लागली.'

बरोबर होतं त्याचं. बी वर चढून सीला मिळत होता, एफ उतरून ईला. म्हणजे घराकडे ओढणारा कॉर्ड, डॉमिनंट, जिवंतच होता, फक्त त्याला रंग फासला होता. होल-टोन स्केलमध्ये एकही अर्धस्वर नाही, म्हणून घराकडे ओढणारा स्वर नाही. शुद्ध पंचमही नाही, म्हणून पाय रोवायला जागा नाही. पण हे सगळं त्या स्केलच्या आत राहिलात तर. बाहेर पडून सी मेजरवर उतरलात की कान मागचं सगळं 'अच्छा, डॉमिनंट होता तर' असं लावून घेतो. माझा उपाय साधा आहे: जी सेव्हन सुधारत बसू नका, काढून टाका. आठ बार एकाच स्केलमध्ये काढा आणि हालचाल दाखवायची तर सप्तक बदला, आवाज कमी-जास्त करा, स्वर दाट-विरळ करा. कंटाळा येतो? मग अजून ऐकलेलं नाही.

देब्यूसीने प्रेल्यूड्स या पियानोच्या तुकड्यांच्या पहिल्या भागातल्या 'व्वाल'मध्ये (1909) नेमकं हेच केलंय. चौसष्ट बारचा तुकडा. पाचव्या बारपासून खाली बी फ्लॅट सुरू होतो आणि जवळजवळ शेवटपर्यंत हलत नाही. वर होल-टोन. मध्ये फक्त सहा बार, 42 ते 47, काळ्या पट्ट्यांचं पाच स्वरांचं पेंटाटॉनिक.

इथे दुसरी लाडकी चूक. 'दोन्ही तरंगणारीच स्केलं, काय फरक पडतो?' पडतो. वर दिलेल्या सहा स्वरांतले सी, डी, ई जातात. डी फ्लॅट आणि ई फ्लॅट येतात. एफ शार्प, जी शार्प, बी फ्लॅट तिथेच राहतात, फक्त पहिल्या दोघांची नावं बदलून लिहिलेली असतात. एवढ्या फरकाने पंचम परत येतो आणि हवा मोकळी होते. म्हणून पोरांना वाटतं, घर आलं, आणि शेवटचा टप्पा गाठल्यासारखं ठोकतात. पण या पाच स्वरांतही अर्धस्वर नाही. ई फ्लॅटला घर ठरवणारा डी तर नुकताच गेलाय. आमच्याकडे कुणी बी फ्लॅटला षड्ज धरतं आणि म्हणतं, हा तर मालकंस. स्वर खरंच तेच आहेत! पण दुसरा तितक्याच खात्रीने ई फ्लॅट मायनर ऐकतो, आणि तुकडा दोघांपैकी कुणालाच कौल देत नाही. मी आधी डावा हात एकटा वाजवायला लावतो, बार 38 ते 50. तो बी फ्लॅट सारखा चालू राहिला पाहिजे, नव्या घराच्या दारासारखा दणकन वाजता कामा नये.

किरकोळ चुका भराभर. सगळा देब्यूसी होल-टोन नाही. 'व्वाल'सारखे तुकडे अपवाद आहेत आणि बुडालेल्या कॅथेड्रलवरचा प्रेल्यूड सी मेजरमध्येच संपतो. कॉर्ड समांतर सरकवताना समांतर पंचमांना घाबरू नका, ते मुद्दामच आहेत. आणि 'इम्प्रेशनिस्ट' हा शब्द त्याला स्वतःला आवडत नव्हता, तेव्हा त्याच्या नावावर पॅडल दाबून गाळ करू नका: होल-टोनमध्ये अर्धस्वर नसल्याने पॅडल बरंच खपतं, पण चुकून एक बाहेरचा स्वर लागला की लगेच कळतं.

'व्वाल'च्या शेवटी सी आणि ई एवढंच उरतं. मागच्या वर्षी एकाने तिथे हळूच जी घातला. 'पूर्ण वाटत नव्हतं, सर.'