प्रभूची प्रार्थना वर्गात ओळीओळीने कशी शिकवावी

परळ-भायखळ्याच्या मराठी मंडळीत उपासनेनंतर वर्ग घेतला, की जुने विश्वासणारे प्रार्थना एका दमात म्हणून मोकळे होतात आणि नवे मागे राहतात. म्हणून सगळ्यांना मत्तय 6:9-13 उघडायला सांगा. एकेक ओळ एखाद्या नव्या विश्वासणाऱ्याने वाचावी आणि तिच्याबद्दल पहिला प्रश्नही त्यानेच विचारावा. जुन्यांनी तोपर्यंत थांबायचं.

पहिल्या तीन विनंत्या देवाच्या नावाविषयी, राज्याविषयी आणि इच्छेविषयी आहेत. आपल्या गरजा त्यानंतर येतात. एवढा क्रम लक्षात आणून देऊन पुढे जा. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ इथे निर्गम 16 मधला मान्ना आठवून द्या. तो एका दिवसापुरताच गोळा करायचा होता, सकाळपर्यंत ठेवलेल्यात किडे पडले.

अर्धा वेळ मात्र ऋणांच्या ओळीसाठी राखून ठेवा. येशूने प्रार्थना संपताच, चौदाव्या-पंधराव्या वचनांत, पुन्हा बोलून दाखवलेली ओळ हीच. ‘जसे आम्ही सोडले आहे’ ऐकून नव्यांना वाटतं, आधी आपण क्षमा करायची, मग तिच्या बदल्यात देव आपल्याला करणार. त्यावर मत्तय 18:21-35 चा दाखला फळ्यावर मांडा. एका चाकराचं सोबत्याकडे शंभर दीनारांचं येणं होतं आणि एक दीनार म्हणजे दिवसाची मजुरी. नाक्यावरच्या मजुराचे 800 रुपये धरले, तर हे 80 हजार होतात. ही रक्कम लहान नाही, हे वर्गाला कळू द्या. आता त्या चाकराचं स्वतःचं कर्ज पाहा, दहा हजार तालांत. एका तालांताचे सुमारे सहा हजार दीनार, म्हणजे एकूण सहा कोटी दिवसांची मजुरी, 4,800 कोटी रुपये. धन्याने ते आधीच माफ केलं होतं, सोबत्याचा गळा त्याने नंतर धरला. हा क्रम फळ्यावर दिसला, की नव्यांचा प्रश्न सुटतो.

इथे एखादी ताई विचारेल, ‘मारणाऱ्या नवऱ्याला क्षमा केली तर घरी परत जायचं का?’ जुन्यांपैकी कुणी घाईने ‘हो’ म्हणालं, तर त्यांना तिथेच थांबवा. क्षमा म्हणजे सूड देवावर सोपवणं, रोमकरांस 12:19 तेच सांगतं. पोलिसांतली तक्रार मागे घेणं किंवा मार खायला परतणं त्यात येत नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगा आणि तिच्याशी वर्गानंतर वेगळं बोला.

‘परीक्षेत आणू नकोस’ वाचताना याकोब 1:13 जोडा, देव कोणाला मोहात पाडत नाही. शेवटचं ‘राज्य, सामर्थ्य व गौरव’ कंसात का, हे कुणी विचारलंच तर सांगा, की सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ते वाक्य नाही, पण मंडळी ते फार पूर्वीपासून म्हणत आली आहे.

पुढच्या रविवारी एखाद्या नव्यालाच ऋणांची ओळ स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा. त्याने आधी धन्याची माफी सांगितली, तर धडा पोचला. सोबत्यापासून सुरुवात केली, तर फळा पुन्हा घ्या.